स्वतःच्या नोट्सवर चालणारा मदतनीस: शिक्षकांनी तो कसा बनवावा

चॅटबॉटला आपल्या सूचना आणि आपल्या नोट्स देऊन स्वतःचा मदतनीस बनवणं हे काम दहा मिनिटांचं आहे, असं सांगणारे व्हिडिओ मी पुरेसे पाहिलेत. ते खोटं नाही. बटणं दाबायला दहा मिनिटंच लागतात. पण त्या व्हिडिओंमधल्या नोट्स इंग्रजीत असतात आणि आपल्या नोट्स मराठीत, तेही 2011 साली कुणा डीटीपीवाल्याकडून टाईप करून घेतलेल्या. सगळी मेख तिथे आहे. म्हणून या लेखात बटणांवर चार ओळी आहेत आणि नोट्सवर पानंच्या पानं.

मी दहावीला विज्ञान शिकवते. इथे उदाहरणही माझंच घेते: विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग 1 मधला ‘भिंगे व त्यांचे उपयोग’ हा धडा, आणि त्यावर सराव प्रश्न काढून देणारा मदतनीस. तो माझ्यासाठी आहे, मुलांच्या हातात द्यायला नाही. मी गूगलच्या जेमिनी या चॅटबॉटमधलं जेम वापरते, असा मदतनीस तिथे त्या नावाने बनतो, आणि तो पैसे न भरता बनवता येतो. चॅटजीपीटीमध्ये स्वतःचा जीपीटी बनवायला सशुल्क खातं लागतं, पण नोट्सबद्दल पुढे जे लिहिलंय ते तिथेही तसंच्या तसं लागू आहे.

आधी बटणं. संगणकावर gemini.google.com उघडा (मोबाईलवर हे करत बसू नका), डाव्या बाजूच्या यादीत Gems, मग New Gem. नावाची चौकट, Instructions ची मोठी चौकट, खाली Knowledge मध्ये फाईल जोडायची सोय, उजवीकडे Preview. मांडणी अधूनमधून बदलते, पण सूचना, फाईल आणि चाचणी या तीन जागा सापडल्या की झालं.

आता नोट्स.

माझा पहिला मदतनीस मी भिंगांच्या नोट्सची पीडीएफ चढवून बनवला. प्रश्न विचारला, सुरेख मराठीत उत्तर आलं. दुसरा विचारला, तेही सुरेख. मी खूश. पंधरा दिवस त्याच्याकडून सराव प्रश्न काढून घेतले आणि एक कार्यपत्रिका छापूनही वाटली. तिच्यात वर सूत्रं दिली होती आणि खाली एक साधं उदाहरण होतं: नाभीय अंतर 20 सेमी असलेल्या बहिर्वक्र भिंगासमोर 60 सेमी अंतरावर वस्तू ठेवली, तर प्रतिमा कुठे मिळेल? अर्ध्या वर्गाचं उत्तर 30 सेमी आलं, अर्ध्याचं 15. मग मागच्या बाकावरून आवाज आला, “बाई, वहीत वजा आहे, इथे अधिक कसं काय?”

कार्यपत्रिकेत सूत्र छापलं होतं 1/v + 1/u = 1/f. यात u म्हणजे वस्तूचं अंतर, v प्रतिमेचं आणि f नाभीय अंतर. आपल्या पुस्तकात आणि माझ्या नोट्समध्ये भिंगाचं सूत्र आहे 1/v - 1/u = 1/f, आणि कार्टेशिअन चिन्ह संकेताप्रमाणे u ऋण घ्यायचा. अधिकवालं सूत्र काही जगाबाहेरचं नाही. सगळी खरी अंतरं धन धरणाऱ्या पद्धतीत भिंगालाही तेच वापरतात, आणि नववीत आरशासाठी आपणही तेच शिकवतो. पण मुलांनी सवयीने u = -60 घेतला आणि कार्यपत्रिकेतल्या सूत्रात घातला. मग 1/v = 1/20 + 1/60, म्हणजे 4/60, म्हणून v = 15. वहीतलं सूत्र वापरणाऱ्यांचं 1/v = 1/20 - 1/60, म्हणजे 2/60, म्हणून v = 30. आणि 15 हे उत्तर असूच शकत नाही. वस्तू 2F1 च्या, म्हणजे नाभीय अंतराच्या दुपटीच्या, पलीकडे आहे, तेव्हा प्रतिमा F2 आणि 2F2 यांच्या मध्ये, म्हणजे 20 ते 40 सेमीच्या दरम्यान यायला हवी. मी ते छापण्याआधी पाहायला हवं होतं. पाहिलं नाही, कारण ‘माझ्याच नोट्समधून आलंय’ असं धरून चालले होते.

माझ्या नोट्समधून काहीच आलं नव्हतं. मदतनीसाला नोट्समधला एक शब्दही वाचता आला नव्हता. तो आपल्या सामान्य ज्ञानावर उत्तरं देत होता, आणि मराठी इतकं बेमालूम होतं की शंकाच आली नाही. इंग्रजी नोट्सवाल्यांची ही फसगत सहसा होत नाही. आपली होते, आणि तिचं कारण फॉन्टमध्ये आहे.

जुन्या मराठी फाईली कृतिदेव, श्रीलिपी अशा फॉन्टमध्ये असतात. त्या फाईलमध्ये मराठी अक्षरं नसतातच. असतात इंग्रजी अक्षरं, आणि फॉन्ट त्यांना मराठीचं सोंग चढवतो. कृतिदेवमध्ये तुम्हाला पडद्यावर ‘विज्ञान’ दिसतं तेव्हा फाईलमध्ये foKku लिहिलेलं असतं. ‘प्रकाश’ म्हणजे izdk'k, ‘मराठी’ म्हणजे ejkBh. आपण डोळ्यांनी वाचतो म्हणून आपल्याला मराठी दिसतं. चॅटबॉट बहुधा फाईलमधला मजकूर उचलतो, तेव्हा त्याच्या हाती foKku पडतं. क्वचित तो त्यातलं थोडंफार ओळखतोही, पण त्यावर विसंबून कार्यपत्रिका काढू नका. माझं झालं तसं होईल.

ओळखायची रीत अगदी साधी आहे. फाईलमधला एक परिच्छेद कॉपी करा आणि नोटपॅडमध्ये चिकटवा. वर्डमध्ये चिकटवू नका, कारण वर्ड फॉन्टही सोबत आणतो आणि सोंग तसंच राहतं. नोटपॅडमध्ये स्वच्छ मराठी दिसलं तर तुमचा मजकूर युनिकोडमध्ये आहे. foKku छापाचं काही दिसलं तर फाईल बदलून घ्यावी लागेल. आणि कॉपीच करता येत नसेल, पान नुसतं चित्रासारखं निवडलं जात असेल, तर ते स्कॅन आहे.

आणखी एक प्रकार आहे, तो सगळ्यांत फसवा. नोटपॅडमध्ये मराठी दिसतं, पण मोडकं. जोडाक्षरं गळालेली, ऱ्हस्व वेलांटी शेजारच्या अक्षरावर जाऊन बसलेली, ‘स्थिती’तला ‘स्थ’ गायब. मूळ फाईल युनिकोडमध्ये होती, तिची पीडीएफ करताना हे होतं. पीडीएफ हा कागदाचा नकाशा आहे, कुठलं चित्र कुठे छापायचं एवढं तिला पक्कं ठाऊक असतं. देवनागरी जोडाक्षराच्या चित्रामागे कोणती अक्षरं होती हे ती पुष्कळदा विसरते. म्हणून माझा नियम: मराठी नोट्स पीडीएफ म्हणून चढवायच्याच नाहीत. वर्ड किंवा गूगल डॉक्स. ‘पीडीएफ सगळीकडे चालते’ हा सल्ला छपाईसाठी ठीक आहे.

जुन्या फॉन्टचा मजकूर बदलायला नेटवर फॉन्टनुसार वेगवेगळे रूपांतरक मिळतात. कृतिदेवचा रूपांतरक श्रीलिपीला चालत नाही, त्यामुळे आधी वर्डमध्ये मजकूर निवडून वर फॉन्टचं नाव वाचा. एका बाजूला जुना मजकूर चिकटवला की दुसऱ्या बाजूला युनिकोड मिळतो. इथे माझ्यासारखं ‘झालं’ म्हणून उठू नका. विज्ञान, गणित शिकवणाऱ्यांना खरा घोळ इथे पुढे आहे.

रूपांतरकाला फॉन्ट दिसत नाही, नुसती अक्षरं दिसतात. तुमच्या फाईलमध्ये मराठी मजकूर कृतिदेवमध्ये आणि सूत्रं इंग्रजी फॉन्टमध्ये असतात. रूपांतरक दोन्हींना एकाच चरकातून काढतो. त्यामुळे 2F1 चं ‘2थ्1’ होतं. 1/v चं ‘1ध्अ’ होतं आणि 1/u चं ‘1ध्न’. रसायनशास्त्रवाल्यांच्या H2O चं ‘भ्2व्’ होतं. आजूबाजूचं मराठी उत्तम उतरलेलं असतं म्हणून भराभर नजर फिरवताना हे सुटतं, आणि नेमकं सूत्र, ज्याच्यासाठी एवढा खटाटोप, तेच मदतनीसाला वाचता येत नाही. मग तो काय करतो? मनाने भरतो. पुन्हा अधिकचं चिन्ह दारात हजर.

यावर हुशार उपाय आहेत, मी दोनतीन करून पाहिले आणि सोडून दिले. सरळ मूळ फाईल शेजारी उघडायची आणि सगळी सूत्रं हाताने पुन्हा टाईप करायची. एका धड्याला तासभर पुरतो. सूत्र एका ओळीत, साध्या अक्षरांत लिहायचं: 1/v - 1/u = 1/f. वर्डच्या समीकरणाच्या चौकटीत नको आणि चित्र म्हणून तर नकोच. सूत्राखाली ते शब्दांतही लिहा: ‘वस्तू भिंगाच्या डावीकडे असते म्हणून u नेहमी ऋण. बहिर्वक्र भिंगाचं f धन, अंतर्वक्र भिंगाचं ऋण.’ वर्गात हे आपण तोंडी सांगतो म्हणून नोट्समध्ये नसतं. मदतनीस वर्गात बसलेला नाही.

स्कॅन असेल तर ती फाईल गूगल ड्राइव्हवर टाका, उजवी कळ दाबून Open with मधून Google Docs निवडा. चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर मिळतो, मराठीही बऱ्यापैकी मिळतं. फाईल 2 एमबीच्या आत ठेवायची, म्हणून मोठ्या फाईलचे तुकडे करा. आकडे मात्र एकेक करून तपासा. हाताने लिहिलेल्या वहीवर वेळ घालवू नका, कुणालातरी वाचून दाखवत टाईप करवून घेणं जास्त लवकर होतं.

मजकूर स्वच्छ झाला, तरी दोन गोष्टी उरतात. पहिली म्हणजे तक्ते आणि आकृत्या. बहिर्वक्र भिंगाने मिळणाऱ्या प्रतिमांचा तक्ता आठवा: वस्तूचं स्थान, प्रतिमेचं स्थान, आकार, स्वरूप. त्यात ‘वास्तव व उलट’ हे एकदाच लिहून चारपाच ओळींवर पसरवलेलं असतं, चौकटी जोडून. आपल्याला ते कळतं. मजकूर उचलला की ते शब्द एका ओळीला चिकटतात आणि बाकीच्या ओळी रिकाम्या पडतात. मी तो तक्ता मोडून सहा वाक्यं केली. ‘बहिर्वक्र भिंग, वस्तू 2F1 वर: प्रतिमा 2F2 वर, वस्तूएवढी, वास्तव व उलट.’ ‘बहिर्वक्र भिंग, वस्तू F1 आणि प्रकाशीय केंद्र यांच्या मध्ये: प्रतिमा वस्तूच्याच बाजूला, वस्तूपेक्षा मोठी, आभासी व सुलट.’ अशी. दिसायला रटाळ, पण त्यानंतर या तक्त्यावरचा एकही प्रश्न चुकलेला नाही. किरणाकृत्यांचंही तेच. नोट्समधल्या आकृतीवर विसंबू नका, तिचं वर्णन दोन वाक्यांत लिहा.

दुसरी गोष्ट शीर्षकांची. फाईल मोठी असली की अशी बरीच साधनं दरवेळी अख्खी फाईल समोर धरत नाहीत. प्रश्नाशी जुळणारे तुकडे शोधून उचलतात. ‘वरील नियम इथेही लागू’ असं लिहिलेला तुकडा एकटा उचलला गेला तर त्याला अर्थच उरत नाही. म्हणून प्रत्येक शीर्षकात विषय पूर्ण लिहा, नुसतं ‘सूत्र’ नको, ‘भिंगाचे सूत्र व चिन्ह संकेत’ असं. आणि एका धड्याची एक फाईल. दहाही धडे एकत्र केलेली फाईल सांभाळायला सोपी वाटते, पण त्यात आरशाची एखादी ओळ भिंगात शिरली तर सापडत नाही.

मुलांची नावं, गुण, हजेरी यातलं काही या फाईलींत राहिलेलं नाही ना, तेही एकदा बघा. जुन्या नोट्सच्या शेवटच्या पानावर घटक चाचणीचे गुण चिकटलेले मी स्वतः काढलेत.

आता खूण. चढवण्याआधी फाईलच्या मध्यावर कुठेतरी एक निरर्थक ओळ घाला, जी जगात दुसरीकडे असूच शकत नाही. माझी होती: ‘या नोट्सची खूण: जांभळी पेटी 417.’ सुरुवातीला घालू नका. फाईलचा आरंभ वाचला आणि पुढचं वाचता आलं नाही असंही होतं, म्हणून मध्ये एक आणि शेवटच्या पानावर वेगळ्या आकड्याची दुसरी. चढवून झालं की Preview मध्ये पहिला प्रश्न हाच: ‘नोट्सच्या खुणा काय आहेत?’ दोन्ही खुणा बरोबर आल्या तरच पुढे जायचं. एकच आली किंवा ‘जांभळा रंग हा…’ असं काही निबंधासारखं सुरू झालं, तर परत नोटपॅड.

सूचना लिहिणं त्यामानाने सोपं आहे, फक्त नेटवरचे नमुने उचलू नका. ‘तू जगातला सर्वोत्तम, तीस वर्षांचा अनुभव असलेला शिक्षक आहेस’ या वाक्याने माझं एकही काम झालेलं नाही. सूचनांच्या चौकटीशेजारी मजकूर आपोआप फुलवून देणारी कांडी असते, तीही मी दाबत नाही. चार ओळींचं पान होतं आणि मला हवी असलेली ओळ त्यात शोधावी लागते. माझ्या सूचना एवढ्याच आहेत:

```
तू दहावी विज्ञान भाग 1 च्या शिक्षिकेसाठी सराव प्रश्न तयार करतोस.
फक्त जोडलेल्या नोट्स वापर. उत्तराखाली नोट्समधलं शीर्षक लिही.
नोट्समध्ये नसेल तर "नोट्समध्ये नाही" एवढंच लिही.
भिंगाचं सूत्र: 1/v - 1/u = 1/f, u ऋण. दुसरं सूत्र वापरू नकोस.
शब्द: बहिर्वक्र, अंतर्वक्र, नाभीय अंतर, वास्तव, आभासी.
उत्तल, अवतल, फोकस दूरी हे शब्द नकोत.
उदाहरण आधी पूर्ण सोडव, मग प्रश्न आणि उत्तर दे.
```

शब्दांच्या दोन ओळींना हसू नका. चॅटबॉटने हिंदी मजकूर मराठीपेक्षा कितीतरी जास्त वाचलेला असतो, त्यामुळे शास्त्रीय परिभाषेत हिंदी शब्द शिरतात आणि मराठी विभक्ती लावून बसतात. ‘उत्तल भिंगाची फोकस दूरी’ हे वाक्य दहावीच्या मुलाने कुठेच वाचलेलं नसतं. इतिहास, भूगोलवाल्यांनीही आपापल्या धड्यातले पाचसहा शब्द असे हवेत आणि नकोत करून लिहावेत. सूत्र नोट्समध्ये असूनही इथे पुन्हा लिहिलंय, ते मुद्दाम. जी चूक मला सर्वांत महागात पडते तिला मी दोन्हीकडून कुलूप लावते.

‘फक्त नोट्स वापर’ म्हटल्याने तो शंभर टक्के ऐकतो असं मात्र नाही. म्हणून खुणेनंतर आणखी दोन प्रश्न. एक, 60 आणि 20 चं तेच उदाहरण: v = 30 सेमी, विशालन -0.5, प्रतिमा वास्तव, उलट, निम्म्या आकाराची. पायऱ्या वाचा, नुसतं उत्तर नको. दोन, नोट्सना अगदी चिकटून असलेलं पण नोट्समध्ये नसलेलं काहीतरी. मी विचारते, ‘अंतर्गोल आरशाचं सूत्र सांग.’ ते नववीचं आहे, या फाईलमध्ये नाही. ‘नोट्समध्ये नाही’ आलं तर कुंपण धरलंय. सूत्र आलं, तर ते बरोबर असलं तरी माझ्या लेखी नापास. असं झालं की मी तिसरी ओळ उचलून सूचनांच्या अगदी वर नेते आणि पुन्हा विचारते. बहुधा तेवढ्याने भागतं. ‘महाराष्ट्राची राजधानी कोणती’ असले लांबचे प्रश्न विचारून चाचणी करू नका, त्यातून काही कळत नाही. गडबड नेहमी शेजारच्या धड्यातून येते.

उत्तराखालचं शीर्षक पहिले काही दिवस फाईलमध्ये शोधून बघा, कारण शीर्षकही मनाने रचलेलं असू शकतं. आणि आकडेमोडीचं प्रत्येक उदाहरण छापण्याआधी कागदावर सोडवायचं. मी आता सोडवते. शास्त्रीय कारणं, फरक स्पष्ट करा, बहुपर्यायी, यांना एकदा वाचून जाणं पुरतं. बहुपर्यायीत मात्र दोन पर्याय बरोबर येताहेत का ते पाहा, ती त्याची आवडती चूक आहे.

नोट्स सुधारल्या की जुनी फाईल काढून मगच नवी जोडा. दोन्ही राहिल्या तर तो दोन्हींतून उचलतो आणि चूक कुठून आली ते कळत नाही. नवी जोडताना खुणेचा आकडा बदला, म्हणजे तो कुठल्या वर्षाच्या नोट्स वाचतोय ते एका प्रश्नात समजतं. माझी सध्याची खूण जांभळी पेटी 419 आहे.